‘मी खाऊनच आलो’ ऐकणारी आई: लपवलेली निराशा डोळे, भुवया आणि थांब्यातून कशी अ‍ॅनिमेट करायची

लपवलेल्या निराशेचा शॉट बहुतेकदा एकाच जागी फसतो. अ‍ॅनिमेटर आधी आनंदी चेहरा करतो, मग दुःखी, मग पुन्हा हसरा, आणि तिन्हींच्या मध्ये सॉफ्टवेअर जे भरेल ते तसंच ठेवतो. पाहणाऱ्याला तीन मुखवटे एकामागून एक बदलताना दिसतात. लपवणं त्यात कुठेच नसतं, कारण लपवणं हा चौथा चेहरा नव्हे. चेहऱ्याचा एक भाग दुसऱ्याच्या आधी हलतो आणि एक भाग मागे राहतो, त्या फरकात ते असतं. म्हणून इथे भर कुठल्या फ्रेमला काय सुरू होतं यावर आहे.

पूर्ण लेखात एकच शॉट घेऊ. इंदूरमधल्या मराठी घराचं स्वयंपाकघर, रविवारची सकाळ. आईने पोहे केलेत, वर शेव आणि जिरावन मसाला घातलाय आणि ताटली मुलापुढे धरलीय. दारातून आलेला मुलगा सहज म्हणतो, “आई, मी छप्पनवर खाऊनच आलो गं.” छप्पन म्हणजे इंदूरची खाऊगल्ली. आई म्हणते, “बरं झालं. चहा तरी घेशील ना?” बस, एवढंच. निराशा मुद्दाम छोटी निवडली आहे. मोठं दुःख ढोबळ हालचालींनीही कळतं, इथे मात्र दोन फ्रेम इकडच्या तिकडे झाल्या तरी अर्थ बदलतो.

शॉट २४ फ्रेम प्रतिसेकंद, एकूण १४४ फ्रेम, म्हणजे ६ सेकंदांचा. आई छातीपर्यंत दिसते. मुलगा कॅमेऱ्याच्या जरा उजवीकडे, चौकटीबाहेर आहे.

## १. आधी कागदावर: तिला काय हवंय आणि ती काय लपवतेय

सॉफ्टवेअर उघडण्याआधी तीन वाक्यं लिहा. पहिलं, मुलाचं बोलणं ऐकेपर्यंत तिच्या मनात काय आहे: त्याने पहिला घास तिच्यासमोर घ्यावा. दुसरं, कुठल्या शब्दाला ते मोडतं: ‘खाऊनच’. तिसरं, ती का लपवते: त्याला अपराधी वाटू नये म्हणून.

तिसऱ्या वाक्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, आणि अभिनयाची दिशा तर तेच ठरवतं. मुलाला वाईट वाटू नये म्हणून लपवणारी बाई शेवटी त्याच्याकडेच बघणार, आणि नेहमीपेक्षा किंचित जास्त उत्साहाने बघणार. आपला मान राखण्यासाठी लपवणारी बाई नजर दुसरीकडे वळवेल, कामाला लागेल. दोघींच्या भुवया एकवेळ सारख्या असतील, नजरेचा प्रवास पार वेगळा असेल. कारण न ठरवता भुवयांना हात घातला की अर्ध्या वाटेत सगळं पुसून पुन्हा करावं लागतं.

आता आवाजाचा ट्रॅक लावा आणि शब्दांच्या फ्रेम लिहून काढा. आपल्या शॉटमध्ये मुलाचं वाक्य फ्रेम १३ ते ४८ आहे. त्यातलं ‘खाऊनच’ २९ ते ३९ मध्ये येतं, ‘आलो गं’ त्यानंतर. आईचं वाक्य ८६ला सुरू होऊन १२४ला संपतं.

सावधान: थांबा मोजायचा तो वाक्याच्या शेवटापासून नाही, अर्थ कळण्याच्या क्षणापासून. ‘खाऊ…’ एवढं कानावर पडलं की आईला कळलेलं असतं, ‘आलो गं’साठी ती थांबत नाही. अर्थ कळण्याची फ्रेम ३६ धरा. ही फ्रेम न ठरवता ४८नंतर प्रतिक्रिया सुरू केली की आई मंद वाटते, आणि मग घाईघाईने हालचाली वेगवान करून शॉट आणखी बिघडवला जातो.

## २. संदर्भाचं चित्रण, आणि फ्रेमचा हिशेब

फोनवर चित्रण करा, पण अभिनय करणाऱ्याला “निराशा लपवून दाखव” असं सांगू नका. तसं सांगितलं की तो आधी निराशा दाखवतो आणि मग ती पुसतो, म्हणजे नेमकी आपली मूळ चूक. “त्याला वाईट वाटू देऊ नकोस” एवढंच सांगा. मुलाचं वाक्य बोलणारा माणूस खरोखर समोर उभा हवा, मुलाच्या उंचीएवढ्या जागी. त्याने प्रत्येक वेळी वाक्य जरा लवकर किंवा उशिरा बोलावं, म्हणजे समोरच्याला ते ठाऊक असूनही त्याची वाट बघावी लागेल. आठ-दहा वेळा घ्या. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर चेहरा दाखवायचं थांबतो आणि ऐकू लागतो.

फोनचं चित्रण बहुधा ३० फ्रेम प्रतिसेकंदाचं असतं, आणि पुष्कळ फोन फ्रेमचा वेग मध्येच कमीजास्त करतात. त्यातल्या १० फ्रेमचा थांबा आपल्या २४च्या शॉटमध्ये ८ फ्रेमचाच होतो. मोठ्या हालचालीत हा फरक खपून जातो, इथे नाही. म्हणून आधी फाइल स्थिर २४वर आणा:

```
ffmpeg -i aai.mp4 -vf fps=24 -c:v libx264 -crf 18 -c:a copy aai_24.mp4
```

मग एकेक फ्रेम पुढे सरकवत चारच गोष्टी टिपा: बुबुळं कधी उडाली, भुवईचं आतलं टोक कधी उचललं, पापणी कधी मिटली आणि ओठांचे कोपरे कधी हलले. बाकी सगळं नंतर.

## ३. रिगची परीक्षा

हा टप्पा गाळणारे पुष्कळ आहेत आणि भुवयांवर वाया जाणारे निम्मे तास इथेच वाचतात.

भुवईला आतलं टोक, मध्य आणि बाहेरचं टोक असे तीन स्वतंत्र कंट्रोल हवेत. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची जी संकेतपद्धती मांडली, तिच्या क्रमांकांवरून बऱ्याच रिगमधल्या शेपना नावं दिलेली असतात. आपल्या कामाचे पाच क्रमांक असे: AU1 म्हणजे भुवईचं आतलं टोक वर, AU2 बाहेरचं टोक वर, AU4 भुवया खाली आणि एकमेकींकडे, AU6 गाल वर येऊन डोळ्याखाली घडी, AU12 ओठांचे कोपरे वर. ज्या रिगमध्ये पूर्ण भुवई वर-खाली करणारा एकच कंट्रोल आहे, त्याच्यावर हा शॉट होणार नाही. आतल्या टोकासाठी आधी वेगळा शेप बनवून घ्या.

AU1 एकटा १०० टक्के करून बघा. कपाळाच्या मधोमध आडव्या घड्या पडल्या पाहिजेत आणि वरच्या पापणीचा आतला कोपरा किंचित वर ओढला गेला पाहिजे. भुवई हलली पण पापणी जागची हलली नाही, तर भुवई चिकटवल्यासारखी दिसते. अशा वेळी पापणीच्या आतल्या कोपऱ्याला हाताने थोडं वर न्या.

मग डोळे. शांत चेहऱ्यात वरची पापणी बुबुळाच्या वरच्या कडेला थोडं झाकते आणि खालची खालच्या कडेला टेकते. नजर खाली गेली की वरची पापणी सोबत उतरली पाहिजे. नाही उतरली, तर बुबुळाच्या वर पांढरा पट्टा उघडा पडतो आणि आई निराश न दिसता घाबरलेली दिसते.

डोळे लक्ष्यावर बांधा: एक लक्ष्य मुलाच्या चेहऱ्यावर, एक ताटलीवर. ताटली जवळ आहे, म्हणून तिच्याकडे बघताना दोन्ही बुबुळं किंचित आत वळायला हवीत. दोन्ही डोळे समांतरच राहणारा रिग असेल तर ती आरपार बघतेय असं वाटतं.

तपासा: कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा ५ ते १० सेंटिमीटर खाली आहे ना? शॉटचा सगळ्यात महत्त्वाचा भाग ती ताटलीकडे बघत असतानाचा आहे. कॅमेरा वरून असेल तर त्या वेळी फक्त पापण्या दिसतील.

## ४. ब्लॉकिंग: पोझ पाच, त्याहून जास्त नाही

सगळ्या की Constant ठेवा. Blender मध्ये की निवडून `T` दाबलं की हा पर्याय मिळतो. मधली भर आता अजिबात नको.

फ्रेम १: देणारी पोझ. ताटली पुढे, भुवया पूर्ण रुंदीने थोड्या वर, ओठ उघडायच्या बेतात, छाती श्वासाने भरत आलेली. ती “घे, गरम आहे” म्हणणारच आहे.
फ्रेम ४०: तीच पोझ, पण थांबलेली. ताटली जिथे आहे तिथेच.
फ्रेम ५६: नजर ताटलीवर, भुवयांची आतली टोकं किंचित वर, ओठांवर जुनं हसू अजून शिल्लक.
फ्रेम ८२: नजर मुलाकडे, पूर्ण भुवया वर, नवं हसू.
फ्रेम १३६: बोलून झालंय, हसू ओसरतंय.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पोझमध्ये हसू उतरवायचं नाही. हात शिवशिवतील, तरी नाही. माणूस लपवतो तेव्हा आधीचं हसू तोंडावर तसंच विसरून राहतं, आतून रिकामं होतं. ओठांचे कोपरे खाली गेले की निराशा उघडी पडली, मग पुढे लपवायला काही उरत नाही.

हा टप्पा घरातल्या कुणाला दाखवायचा नाही. पाच स्थिर चित्रांवरून जो अर्थ निघतो तो फसवा असतो, कारण शॉटचा अर्थ मधल्या अंतरात आहे.

## ५. थांबा: फ्रेम ३६ ते ४६

अर्थ ३६ला कळला. डोळ्यांची पहिली हालचाल ४६ला. मधल्या १० फ्रेम, म्हणजे सुमारे ०.४ सेकंद, हा शॉटचा कणा आहे.

हा आकडा किती ठेवायचा याचा एक कामचलाऊ अंदाज असा: ४ फ्रेमच्या आसपास ठेवला तर तिला ते आधीच ठाऊक होतं असं वाटतं. ८ ते १२ मध्ये ‘कळलं, आणि सावरतेय’ हे दिसतं. १६च्या पुढे गेलं की तिने ऐकलंच नाही किंवा मोठा धक्का बसला असा अर्थ निघतो. पोह्यांसाठी १० पुरे.

या १० फ्रेममध्ये चेहरा गोठवायचा नाही, तर हालचाल विझवायची. ताटली पुढे येत होती ती ४०पर्यंत मंदावून थांबते. हात चेहऱ्याआधी थांबतो, हे नीट जपा, कारण पाहणाऱ्याला काहीतरी बिनसल्याची पहिली खूण तिथे मिळते. श्वास आत घेतलेला होता, तो अडतो, छाती वरच राहते. डोकं अर्ध्या अंशाएवढं सरकत राहू द्या. पूर्ण स्थिर चेहरा दोन-तीन फ्रेम चालून जातो, दहा फ्रेममध्ये प्लेबॅक अडकल्यासारखं वाटतं.

मोठा उसासा अजिबात नको. अडलेला श्वास पुढे ६६ ते ७६ मध्ये नाकावाटे हळूच सुटेल, छाती सेंटिमीटरभर खाली येईल, खांदे हलणार नाहीत.

तपासा: फक्त ३० ते ५० फ्रेम आवाजासह फिरवून बघा. ‘खाऊनच’ ऐकल्यावर ताटली थांबताना तुमचंही बघणं थांबतं का? नसेल तर आधी ताटलीचा वेग बघा. बहुधा ती ३६च्या आधीच थांबलेली असते.

## ६. डोळे: दोन उड्या, एक मिटणं

बुबुळं सरकत नाहीत, उडतात. एका जागेवरून दुसरीकडे जायला २ फ्रेम, मोठी उडी असेल तर ३. स्प्लाइनवर नेल्यावर सॉफ्टवेअर हीच उडी ८-१० फ्रेमवर पसरवतं आणि आई गुंगीत असल्यासारखी दिसते. उपाय सोपा आहे: नव्या जागेच्या बरोबर २ फ्रेम आधी जुन्या जागेची की पुन्हा टाका, आणि तेवढ्या दोन कीमधला वक्र सरळ ठेवा.

पहिली उडी ४६ ते ४८. ती मुलाच्या एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर जाते: खरंच म्हणतोय का? दीड मीटर अंतरावरून दोन डोळ्यांमधलं सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर म्हणजे बुबुळाची जेमतेम अडीच अंशांची हालचाल. याहून मोठी केली की ती मुलाच्या मागे कुणाला शोधतेय असं दिसतं. इतकी लहान हालचाल दिसणार कशी, अशी शंका येते, पण ती काढून बघा. त्या वीस फ्रेम लगेच निर्जीव होतात.

दुसरी उडी ५४ ते ५६, मुलाच्या चेहऱ्यावरून ताटलीवर. ताटली डोळ्यांपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर खाली आणि ५० सेंटिमीटर पुढे आहे, म्हणजे नजर तीस अंशांच्या आसपास खाली जाते. एवढं सगळं डोळ्यांवर टाकायचं नाही. डोळे आधी जातात, डोकं ५७ला निघून ६६पर्यंत ८ ते १० अंश खाली येतं. डोकं येत असताना नजर ताटलीवरच खिळलेली राहते, म्हणजे बुबुळं डोळ्यांत तेवढीच परत वर येतात. लक्ष्यावर बांधलेले डोळे हे आपोआप करतात. डोळे डोक्याला बांधलेले असतील तर हे हाताने करावं लागेल, नाहीतर नजर ताटलीवरून घसरून तिच्या पदरावर जाईल.

या उडीत डोळे मिटवू नका. पापणी नजरेबरोबर उतरेल, तेवढं पुरे. मोठ्या उडीत माणूस बरेचदा डोळे मिटतो हे खरं, पण आपल्याकडे एकच मिटणं आहे आणि ते पुढे लागणार आहे.

ताटलीवर नजर ५६ ते ७६, म्हणजे पाऊण सेकंदापेक्षा थोडी जास्त टिकते. मध्ये ६४ला अगदी छोटी उडी: शेवेवरून ताटलीच्या कडेला. ती मुद्दाम ठेवली आहे. एकाच बिंदूवर खिळलेली नजर विचारात हरवलेली वाटते, ही आई हरवलेली नाही. तिने घातलेली शेव तिला दिसतेय.

आता मिटणं. ७४ला पापणी उतरू लागते, ७६ला बंद, ७७ बंदच, ८०ला उघडी. बुबुळांचा वरचा प्रवास ७६-७७च्या आड लपवा, म्हणजे डोळे उघडताना नजर आधीच मुलावर असते. तिने मधली वाट दाखवलीच नाही, हेच सावरणं. डोकं ७५ला उचलायला लागून ८४ला पोचतं.

सावधान: लपवणं दाखवायला पापण्यांची फडफड करू नका. तीन-चार वेळा लागोपाठ मिटणारे डोळे रडू आवरताना किंवा खोटं बोलताना वापरायचे. पोह्यांसाठी ते फार आहे.

## ७. भुवया: थेट वर, शून्यावर न येता

भुवईची आतली टोकं ५०ला उचलू लागतात आणि ५६ला सर्वाधिक उंचीवर पोचतात, पण फक्त २५ ते ३० टक्के. याहून जास्त झालं की चेहरा ‘बिच्चारी’ होतो. एका बाजूला १ फ्रेम आधी आणि ५ टक्के जास्त ठेवा. दोन्ही अगदी सारख्या उचलल्या तर कपाळावर छप्पर काढल्यासारखं दिसतं.

नजर ५४ला खाली जाते आणि भुवई ५०ला उचलते, म्हणजे चार फ्रेम ती मुलाकडे बघत असतानाच भुवईने चाहूल दिलेली असते. आतलं टोक एकटं वर उचलणं पुष्कळांना ठरवून जमतच नाही, म्हणूनच ते फुटतं तेव्हा खरं वाटतं. तिलाही ते जाणवतं, आणि मग ती नजर खाली नेते. नजर खाली जाण्याला इथे कारण मिळतं: भुवई लपवायला डोळे पळाले. हा क्रम उलटा केला, म्हणजे नजर आधी खाली आणि भुवई नंतर, तर शॉट बिघडत नाही, पण मवाळ होतो. मुलाला काही दिसलंच नाही, तिने एकटीने गिळलं. पुढच्या शॉटमध्ये मुलाला खंत वाटायची असेल तर पहिला क्रम घ्या. त्याला काहीच कळायचं नसेल तर भुवई ५७ला सुरू करा. हे दिग्दर्शकाशी आधीच बोलून घ्या.

५८नंतर आतली टोकं सावकाश उतरतात, ७०पर्यंत १५ टक्क्यांवर. शून्यावर नाही. इथेच बहुतेक शॉट तुटतात. भुवई पूर्ण खाली येऊन पुन्हा हसण्यासाठी वर गेली की एक भावना संपली आणि दुसरी सुरू झाली असं वाचलं जातं. त्याऐवजी ७६ला बाहेरची टोकं खालून येऊन आतल्या टोकांना गाठतात: बाहेरची शून्यावरून ३०, आतली १५वरून ३२, दोन्ही ८२ला. दुःखाचा आकार तसाच आत राहतो, त्याच्यावर ‘अरे वा, बरं झालं की’चा आकार चढतो. भुवया वर जायच्या त्या जातातच, फक्त कारण बदलल्याचं सोंग घेतात.

आतली दोन टक्के जास्त ठेवली आहेत. तेवढीच धुगधुगी शिल्लक राहते.

सावधान: ‘गंभीर’ वाटावं म्हणून AU4 घालू नका. भुवया थोड्या जरी खाली आणि जवळ आल्या तरी आई मुलावर चिडली असं दिसतं. रिगमध्ये AU1बरोबर तो थोडा आपोआप येत असेल तर उणे करून काढा.

## ८. तोंड आणि गाल: सगळ्यात शेवटी

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, फक्त क्रम सांभाळायचा. ओठांचे कोपरे ६८ला, नजर अजून ताटलीवर असतानाच, पुन्हा ताणले जाऊ लागतात. ठरवून हसताना तोंड आधी येतं. गाल आणि खालची पापणी, म्हणजे AU6, ६ फ्रेम उशिरा, ७४ला सुरू होते आणि २० टक्क्यांच्या वर जात नाही. तोंड मात्र ५०-५५ टक्के हसतं. खऱ्या आनंदात हे दोन्ही सोबत चालले असते.

गाल पूर्ण शून्य ठेवू नका. तसं केलं की हसू कडवट, टोमणा मारणारं होतं. तिला मुलावर राग नाही.

“बरं झालं” बोलताना ताटली ओट्याकडे वळू लागते, ८८च्या सुमारास. नजर खाली जाताना ताटलीही मागे घेतली तर ती रुसून ताटली काढून घेतेय असं दिसतं, म्हणून हात ४० ते ८८ जिथे आहे तिथेच धरून ठेवा. तिचा हात अजून देतोच आहे.

“चहा तरी घेशील ना?” मधल्या ‘चहा’वर भुवयांची एक छोटी उचल आणि डोक्याचा किंचित होकार. वाक्य संपल्यावर हसू १२८ ते १४० मध्ये सावकाश ओसरतं, कोपरे एका दमात खाली येत नाहीत: आधी गाल, मग ओठ. १३४ला नजर पुन्हा एकदा ओट्यावरच्या ताटलीकडे जाऊ शकते. मुलगा त्या वेळी तिच्याकडे बघत नसेल तरच. बघत असेल तर हे काढून टाका.

## ९. स्प्लाइनवर नेल्यानंतर काय तपासायचं

की Bezier केल्या की तीन गोष्टी हमखास बिघडतात. डोळ्यांच्या उड्या मऊ होतात, ते वर सांगितलंच. दुसरं, ३६ ते ४६ मध्ये भुवईचा वक्र पुढच्या कीच्या ओढीने आधीच चढू लागतो आणि थांबा चोरून संपतो. Graph Editor मध्ये भुवईचे वक्र एकटे उघडा, ४९ला जुन्या किमतीची की टाका आणि तिच्या आधीचा भाग सपाट करा. तिसरं, सगळे कंट्रोल ५६ आणि ८२ या फ्रेमवर एकत्र पोचतात, कारण ब्लॉकिंग तिथे केलं होतं. वर दिलेल्या फ्रेमप्रमाणे प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट वेगळा केल्याशिवाय चेहरा एका दोरीने ओढल्यासारखा हलतो.

मग शॉट तीनदा बघा. एकदा आवाज बंद करून. एकदा पडद्यावर कागदाची पट्टी धरून तोंड झाकून: फक्त डोळे आणि भुवयांवरून दुखल्याचं कळलं पाहिजे. एकदा पट्टी वर सरकवून डोळे झाकून: तोंडावरून काहीही कळता कामा नये, आई खुशीत आहे असंच वाटलं पाहिजे. तोंडावरूनही दुःख कळत असेल तर ४० ते ६८ मध्ये ओठांचे कोपरे कुठेतरी उतरले आहेत, ते शोधा.

शेवटी ज्याने हा शॉट पाहिलेला नाही अशा दोघा-तिघांना दाखवा. “निराश वाटते का?” असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील. “पोह्यांचं पुढे काय होईल?” असं विचारा. “काही नाही, झाकून ठेवेल” असं उत्तर आलं तर प्रमाण बरोबर आहे. “ती रडेल” आलं तर आतल्या भुवया १० टक्के कमी करा. “मुलावर ओरडेल” आलं तर AU4 कुठेतरी शिल्लक आहे. “ती विसरूनही जाईल” आलं तर आधी ३६ ते ४६चा थांबा २ फ्रेम वाढवा आणि पुढच्या सगळ्या की तेवढ्याच सरकवा. ८६ला सुरू होणारा आईचा आवाजही दोन फ्रेम पुढे, ८८ला न्यायला विसरू नका, नाहीतर नवं हसू बसायच्या आत ती बोलू लागेल.